लोणारचं हिरवं पाणी आणि जीवाणूंच्या पोटातले दोन अजब कप्पे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं: जीवाणूंच्या पेशीत पटलाने वेढलेली अंगकं नसतात. केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, हरितलवकं नाहीत. हे ऐकून आपण मनात एक चित्र तयार करतो. जीवाणू म्हणजे एक छोटी पिशवी आणि तिच्यात सगळा माल एकत्र कालवलेला.

वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे, पण चित्र चुकीचं आहे. पटलाचे कप्पे नसले तरी जीवाणूंकडे प्रथिनांचे कप्पे असतात. त्यातले दोन कप्पे काय करतात, हे बघण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

लोणारचं पाणी हिरवं कशामुळे?

उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी काही मीटर खोलीचं खारं पाणी साठलेलं आहे. हे पाणी समुद्रासारखं नुसतं खारट नाही, ते धुण्याच्या सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. मासे आणि बहुतेक पाणवनस्पती इथे टिकत नाहीत. तरीही वर्षातला बराच काळ हे पाणी हिरवंगार दिसतं.

हा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायरा नावाच्या नीलहरित शैवालाचा. नावात शैवाल असलं तरी हा जीवाणूच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्प्रिंगसारख्या पिळदार धाग्यासारखा दिसतो. बाजारात ‘स्पिरुलिना’ म्हणून ज्या हिरव्या गोळ्या आणि पावडर मिळते, ती याच गटातून येते.

या जीवाणूला लोणारमध्ये जगायचं तर दोन अडचणी सोडवाव्या लागतात. पहिली, उजेडात राहायचं. पाणी इतकं गढूळ हिरवं असतं की थोड्याच खोलीवर अंधार होतो, आणि जिवंत पेशी पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे हळूहळू बुडते. दुसरी अडचण म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिळवायचा. सामू १० असलेल्या पाण्यात तो मोकळ्या रूपात जवळजवळ नसतोच. तिथे काही हजार बायकार्बोनेट कणांमागे त्याचा एखादाच रेणू सापडतो.

पहिल्या अडचणीचं उत्तर आहे गॅस व्हेसिकल, म्हणजे वायूचा कप्पा. दुसरीचं उत्तर कार्बोक्सिसोम.

वायूचा कप्पा: न फुगवता भरलेला फुगा

गॅस व्हेसिकल म्हणजे दोन्ही टोकांना शंकूसारखी निमुळती झालेली एक पोकळ नळी. नीलहरित शैवालांत तिची रुंदी साधारण ७० नॅनोमीटर असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग. भिंतीची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर. ही भिंत जीव्हीपीए नावाच्या एकाच छोट्या प्रथिनाच्या हजारो प्रती शेजारी शेजारी बसून तयार होते. पिंपाला कड्या असतात तशा या प्रती ओळीने गुंडाळल्या जातात. काही जातींत बाहेरून जीव्हीपीसी नावाचं दुसरं प्रथिन बसतं आणि बांधणीला बळकटी देतं.

नाव ऐकून वाटतं की पेशी आत हवा पंप करत असेल. तसं काहीच होत नाही. कप्पा सुरुवातीपासून पोकळच बांधला जातो. आधी दोन शंकू एकमेकांना जोडल्यासारखा छोटा दाणा तयार होतो, मग तो मधून लांबत जातो. भिंतीची आतली बाजू पाणी झटकणारी असते, अळूच्या पानासारखी. त्यामुळे पाण्याचा थेंब आत जमू शकत नाही. पण पाण्यात विरघळलेले वायू भिंतीतून सहज आरपार जातात. म्हणून आत तीच हवा असते जी आजूबाजूच्या पाण्यात विरघळलेली असते. भिंतीची ही रचना अणूंच्या पातळीवर स्पष्ट झाली ती २०२३ मध्ये, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या संशोधकांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या प्रतिमांमधून.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कप्प्यातली हवा कप्प्याला फुगवून धरत नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब भिंत स्वतःच्या कडकपणावर पेलते. म्हणजे हा फुगा नसून रिकामा पत्र्याचा डबा आहे. आणि डब्यासारखंच, सोसण्यापलीकडे दाब आला की तो चेपतो. चेपला की पुन्हा उघडत नाही. दाब काढला तरी नाही. पेशीला नवा कप्पा बांधावा लागतो.

आता असे किती कप्पे लागतात, ते ढोबळ हिशोबाने पाहू. पाण्याची घनता १ आणि पेशीतल्या बाकीच्या ऐवजाची १.०५ धरा. वायूच्या कप्प्याची भिंत धरून घनता सुमारे ०.१२ असते. पेशीच्या आकारमानाचा साधारण साडेपाच टक्के भाग या कप्प्यांनी व्यापला, की सरासरी बरोबर १ येते आणि पेशी पाण्यात अधांतरी राहते. त्याहून थोडा जास्त भाग झाला की ती वर येते. म्हणजे शंभरातले पाच-सहा हिस्से जागा दिली की तरंगण्याचं काम होतं, आणि त्यासाठी सतत इंधन जाळावं लागत नाही. पोहून वर राहणाऱ्या जीवाणूला ते जाळावं लागतं.

कार्बोक्सिसोम: वायू निसटू न देणारी खोली

दुसरा कप्पा समजायला आधी रुबिस्को या विकराची ओळख हवी. हवेतला कार्बन साखरेत बांधण्याचं काम रुबिस्को करतो. झाडांमध्ये तोच, नीलहरित शैवालांतही तोच. पण हा कारागीर संथ आहे आणि थोडा गोंधळलेलाही. एक रेणू एका सेकंदात काही मोजकेच कार्बन डायऑक्साइड हाताळतो. शिवाय कधीकधी चुकून ऑक्सिजन पकडतो, आणि मग झालेली चूक निस्तरण्यात पेशीची ऊर्जा जाते.

उपाय सरळ आहे: रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची गर्दी करायची. साध्या पाण्यात हवेतून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लिटरमागे सुमारे १४ मायक्रोमोल असतो. नीलहरित शैवालाच्या रुबिस्कोला निम्म्या वेगाने तरी काम करायला त्याच्या दहापटीहून जास्त लागतो. ही गर्दी जमवायची जागा म्हणजे कार्बोक्सिसोम.

काम असं चालतं. पेशीच्या बाहेरच्या पटलावर बायकार्बोनेट आत ओढणारे पंप असतात. त्यातले काही सोडियमच्या जोरावर चालतात, आणि लोणारच्या पाण्यात सोडियमला तोटा नाही. बायकार्बोनेटवर विद्युतभार असल्यामुळे एकदा आत आलं की ते पटलातून सहज बाहेर पडत नाही, साठून राहतं. तिथून ते कार्बोक्सिसोमच्या कवचातल्या बारीक छिद्रांतून आत शिरतं. आत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर त्याचं क्षणात कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. चहूबाजूंनी रुबिस्को दाटीने बसलेले असतातच. ते तो पकडतात आणि साखर बनवण्याच्या वाटेला लावतात.

कवच बांधलंय सहा कोनी फरश्यांनी. सहा प्रथिनं मिळून एक फरशी, आणि फरशीच्या मध्यभागी एक छिद्र. कोपऱ्यांवर पाच कोनी तुकडे बसतात, त्यामुळे सपाट फरशीकाम वळून बंद पेटी होते. फुटबॉलची शिवण आठवा. ही पेटी साधारण वीस पृष्ठांची असते. आर्थ्रोस्पायरासारख्या जीवाणूंत ती बहुधा २०० ते ४०० नॅनोमीटर रुंद असते. आणि ती बांधली जाते आतून बाहेर: आधी रुबिस्कोचा गोळा जमतो, मग त्याच्यावर कवच चढतं.

या आकारामुळे सुरुवातीला हे विषाणू तर नव्हेत ना, असाही प्रश्न पडला होता. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे बहुपृष्ठी दाणे नीलहरित शैवालात दिसले. १९७३ मध्ये जेसप शिवली आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका जीवाणूतून ते वेगळे काढले, आत रुबिस्को असल्याचं दाखवलं आणि कार्बोक्सिसोम हे नाव दिलं.

कवच खरंच लागतं का?

नुसता रुबिस्को आणि बायकार्बोनेट मोकळं सोडलं तर चालणार नाही का? हा प्रश्न १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे डीन प्राइस आणि मरे बॅजर यांनी फार सुंदर पद्धतीने सोडवला. त्यांनी एका नीलहरित शैवालात माणसाच्या कार्बोनिक अनहायड्रेजचं जनुक घातलं. म्हणजे जे विकर एरवी कार्बोक्सिसोमच्या आत असतं, तसंच आता पेशीभर मोकळं फिरू लागलं.

वरवर पाहता पेशीला मदतच व्हायला हवी. झालं उलटं. साठवलेलं बायकार्बोनेट वाटेतच कार्बन डायऑक्साइडमध्ये बदललं, आणि त्या वायूला पेशीचं पटल अडवू शकत नसल्यामुळे तो बाहेर निसटला. पेशी साध्या हवेत नीट वाढेनात. भरपूर कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली तेव्हाच वाढल्या. कार्बोक्सिसोमचं बांधकाम बिघडलेल्या जीवाणूंमध्येही हेच लक्षण दिसतं. प्रयोगशाळेत कार्बोक्सिसोम नीट आहेत की नाहीत हे ओळखण्याची ही आजही सोपी खूण आहे: साध्या हवेत खुरटतो, जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये तरारतो.

विकर तेच, माल तोच, फक्त जागा चुकली आणि पेशी उपाशी राहिली.

मग पटलच का नाही वापरलं?

आपल्या पेशींतले कप्पे चरबीच्या दुहेरी थराचे असतात. जीवाणूला तो थर बनवता येतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला तो असतोच. नीलहरित शैवालांत तर प्रकाश पकडण्यासाठी आतही चरबीच्या पटलाच्या घड्या असतात. पण या दोन कामांसाठी ते पटल निरुपयोगी आहे.

कार्बोक्सिसोमचं उत्तर वरच्या प्रयोगात आलंच. कार्बन डायऑक्साइड चरबीच्या पटलातून सहज पार होतो. त्याला कोंडायला घट्ट फरशीकामच हवं, ज्यातली छिद्रं विद्युतभार असलेल्या बायकार्बोनेटला अनुकूल असतात. वायूच्या कप्प्याचं उत्तर वेगळं आहे. चरबीचं पटल साबणाच्या फेसासारखं मऊ असतं. एवढ्या लहान आकाराचा हवेचा बुडबुडा पाण्यात क्षणभरही टिकणार नाही, त्यातली हवा दाबाखाली विरघळून जाईल. तिथे कडक भिंतच लागते.

म्हणून ‘पटलाची अंगकं नाहीत’ ही जीवाणूची उणीव समजू नका. या दोन कामांसाठी पटलाच्या खोलीपेक्षा प्रथिनांची खोली जास्त योग्य आहे.

एक कप्पा वर नेतो, दुसरा खाली

एकाच पेशीत हे दोन्ही कप्पे असले की गंमत सुरू होते. दिवसा ऊन असतं. कार्बोक्सिसोम कार्बन बांधत राहतात आणि जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. ग्लायकोजेन पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतं. पेशीत हे वजन वाढत गेलं की वायूचे कप्पे तेवढेच असूनही ती जड होते आणि खाली सरकते. रात्री प्रकाश नसतो, पेशी ती साखर जाळते, वजन उतरतं आणि ती पुन्हा वर येते.

कार्बनचा तुटवडा असेल तर साखर साठतच नाही. मग पेशी हलकी राहते आणि पृष्ठभागाकडे जाते, जिथे हवेतून कार्बन डायऑक्साइड मिळण्याची शक्यता जास्त.

गावातल्या किंवा शहरातल्या सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यांवर एका रात्रीत हिरवी साय कशी येते, याचं उत्तरही इथेच आहे. ती साय रात्रीत उगवलेली नसते. मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित शैवालांच्या वसाहती आधीच पाण्यात पसरलेल्या असतात. वारा पडलेल्या रात्री, साखर जळाल्यावर त्या सगळ्या एकदम वर येतात. मोठी वसाहत तासाभरात मीटरभरही चढू शकते. सकाळी पाणी शांत असेल तर सगळा थर काठाला जमा झालेला दिसतो, आणि लोकांना वाटतं की कुणीतरी रात्री रंग ओतला.

तवंग ओळखायची एक साधी चाचणी

कामोठे-पनवेल परिसरात किंवा कुठेही, साचलेल्या गोड्या पाण्यावर असा हिरवा थर दिसला तर तो वायूच्या कप्प्यांवर तरंगतोय की आणखी कशावर, हे औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने कळू शकतं. या चाचणीचं मूळ १८९५ च्या सुमाराचं आहे. जर्मनीत क्लेबान यांनी बाटली शैवालाच्या पाण्याने काठोकाठ भरून बुचावर हातोडी मारली होती. क्षणभराच्या दाबाने तरंगणारं शैवाल बुडालं. सिरिंज हे त्याचंच सुरक्षित रूप.

हातमोजे घाला, कारण मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत यकृताला घातक विष असतं. हे पाणी अंगावर किंवा तोंडात जाऊ देऊ नका, आणि चाचणी मुलांच्या हाती देऊ नका. सुई न लावलेल्या २ मिलिलिटरच्या दोन सिरिंजमध्ये तेच हिरवं पाणी भरा. आतली हवा पूर्ण काढा, नाहीतर दाब हवाच खाईल. एका सिरिंजचं तोंड रबराच्या तुकड्यावर घट्ट टेकवा आणि दट्ट्या अंगठ्याने जोरात काही सेकंद दाबा. दुसरीला हात लावू नका.

दाब किती पडतो? अशा सिरिंजच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ अंदाजे ०.६ चौरस सेंटिमीटर असतं. त्यावर ५ किलो वजनाइतका जोर दिला तर आत सुमारे ८ वातावरणांइतका दाब येतो. गोड्या पाण्यातल्या नीलहरित शैवालांचे कप्पे साधारण ५ ते १० वातावरणांच्या दरम्यान कोसळतात, आणि पेशीच्या आतला स्वतःचा दाबही त्यात भर घालतो. म्हणून अंगठ्याचा जोर बहुधा पुरतो.

आता दोन्ही सिरिंज उभ्या ठेवा. दाब दिलेल्या सिरिंजमधलं पाणी लगेच थोडं गडद आणि कमी दुधाळ दिसलं, आणि काही तासांत हिरवा ऐवज तळाशी बसला, तर वायूचे कप्पे होते आणि ते चेपले. दुसरीत तो वरच राहायला हवा. दाबताना थर खाली गेला पण सोडताच परत वर आला, तर तो धाग्यांच्या शेवाळात अडकलेल्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांवर तरंगत होता. बुडबुडे आकसतात आणि परत फुगतात, कप्पे फुगत नाहीत. काहीच फरक पडला नाही तर एक तर जोर कमी पडला, किंवा ते टिकलीसारखी पानं असलेली तरंगती वनस्पती वगैरे वेगळंच काही आहे.

चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवा. कप्पे आहेत म्हणजे विष आहे असं नाही. ते कळायला प्रयोगशाळाच लागते. आणि कार्बोक्सिसोम अशा कुठल्याच घरगुती युक्तीने दिसत नाहीत.

आणि ते गुलाबी लोणार?

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगाचं कारण खारटपणा आवडणारे हॅलोआर्किया असल्याचं सांगितलं. पाणी कमी होऊन क्षार वाढले तेव्हा त्यांची संख्या वाढली होती. हे जीवाणू नव्हेत, आर्किया या वेगळ्या गटातले आहेत, पण त्यांच्याही पेशीत पटलाची अंगकं नसतात.

इथे दोन्ही कप्प्यांचा हिशोब वेगळा लागतो. हॅलोआर्किया तयार सेंद्रिय अन्नावर जगतात, म्हणून कार्बोक्सिसोमचं त्यांना काम नाही. वायूचे कप्पे मात्र त्यांच्यातल्या काही जातींत असतात, काहींत नसतात. पुण्यात तपासलेला नमुना स्थिर ठेवला तेव्हा गुलाबी ऐवज तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे त्या नमुन्यातल्या पेशी निदान तेव्हा तरंगत नव्हत्या. एवढ्यावरून त्यांच्यात कप्पे कधीच नव्हते असं म्हणता येत नाही, कारण कप्पे चेपूही शकतात. पण रंग पाण्यात विरघळलेला नसून पेशींमध्ये होता, हे मात्र त्या स्थिर बाटलीनेच दाखवलं.